घड्याळ कधी लावायचं?

आयबीपीएसच्या पीओ किंवा क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे 35 प्रश्न असतात आणि त्यांना 20 मिनिटं मिळतात. म्हणजे 1200 सेकंद, एका प्रश्नाला साधारण 34. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात हा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि मुलं त्या दिवसापासून मोबाइलवर टायमर लावून पझल सोडवायला बसतात. पाच मिनिटांनी टायमर वाजतो, आकृती अर्धवट असते, मग पानं उलटून उत्तर बघितलं जातं, 'अरे हो, बरोबर' म्हणून पुढचं पझल. महिनाभराने शंभरेक पझलं 'करून' झालेली असतात आणि मॉक टेस्टमधला गुण जागेवरून हलत नाही.

यात मेहनत कमी पडली असं नसतं, टायमर चुकीच्या वेळी आलेला असतो. पझलला वेळ लागतो तो लिहिण्यात नाही. तो जातो तीन निर्णयांत: कोणत्या विधानापासून सुरुवात करायची, किती शक्यता एकाच वेळी उघड्या ठेवायच्या आणि कोणती कधी खोडायची. घड्याळ डोक्यावर असताना हे निर्णय घाईने होतात, वाईट होतात आणि वाईटच सवय पडते. म्हणून आधी बिनघड्याळी, मग घड्याळासोबत, हा क्रम लागतो.

हे निर्णय कसे दिसतात ते एका लहानशा पझलवर पाहू. सात मजल्यांच्या इमारतीत अमोल, भारती, चेतन, दीपा, ईशान, गौरी आणि हर्षद असे सात जण एकेका मजल्यावर राहतात. सर्वांत खालचा मजला पहिला, सर्वांत वरचा सातवा. ईशान भारतीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहतो. भारती आणि गौरी यांच्या मध्ये दोन मजले आहेत. हर्षद सर्वांत खालच्या मजल्यावर राहत नाही. दीपा विषम क्रमांकाच्या मजल्यावर राहते, पण सर्वांत वर किंवा सर्वांत खाली नाही. दीपा आणि अमोल यांच्या मध्ये दोन मजले आहेत. चेतन अमोलच्या लगेच वरच्या मजल्यावर राहतो.

नवखा विद्यार्थी पहिल्या विधानापासून सुरू करतो, कारण ते पहिलं आहे. ईशान-भारती ही जोडी सहा ठिकाणी बसू शकते. मग दुसरं विधान घेतलं की गौरीच्या जागा जोडून सात आकृत्या होतात. सात आकृत्या रफ कागदावर काढायला कोणीच बसत नाही. मग काय होतं, तर विद्यार्थी त्यातली एक 'बरी वाटते' म्हणून घेतो, पुढे अडतो, खोडतो, दुसरी घेतो. सहा-सात मिनिटं अशी जातात आणि पझल अवघड होतं असा समज पक्का होतो.

आता हेच उलट करू. सगळी विधानं एकदा वाचायची आणि प्रत्येकाला मनात विचारायचं की याला जागा किती? ईशान-भारतीला सहा. दीपाला फक्त दोन: तिसरा मजला किंवा पाचवा. सुरुवात तिथून. दीपा तिसऱ्यावर असेल तर तिच्या आणि अमोलच्या मध्ये दोन मजले सोडून अमोल सहाव्यावर जातो, खाली जागाच नाही. चेतन सातव्यावर. ही पहिली केस. दीपा पाचव्यावर असेल तर अमोल दुसऱ्यावर आणि चेतन तिसऱ्यावर. ही दुसरी. तीन विधानं वापरली, तीन माणसं बसली आणि आकृत्या फक्त दोन झाल्या.

पहिल्या केसमध्ये 1, 2, 4 आणि 5 हे मजले रिकामे उरतात. भारतीच्या लगेच खाली ईशान हवा, म्हणजे भारतीच्या खालचा मजला रिकामा हवा. पहिल्यावर ती बसू शकत नाही, चौथ्यावरही नाही, कारण तिसऱ्यावर दीपा आहे. राहिले दोन आणि पाच. भारती दोनवर असेल तर ईशान एकवर, गौरी पाचवर, हर्षदला चार उरतो. भारती पाचवर असेल तर ईशान चारवर, गौरी दोनवर आणि हर्षद एकवर. दुसऱ्या केसमध्ये 1, 4, 6 आणि 7 रिकामे आहेत. तिथे भारतीला सातवाच मजला सापडतो. सहावर ती बसली तर खाली पाचव्यावर दीपा, चारवर बसली तर खाली तिसऱ्यावर चेतन. मग ईशान सहावर, गौरी चारवर आणि हर्षद पुन्हा एकवर.

तीन आकृत्या शिल्लक आहेत आणि एकच विधान वापरायचं राहिलंय: हर्षद सर्वांत खाली नाही. त्याने दोन आकृत्या एका फटक्यात खोडल्या. उत्तर खालून वर असं: ईशान, भारती, दीपा, हर्षद, गौरी, अमोल, चेतन.

हे 'नाही'वालं विधान नीट बघण्यासारखं आहे. बहुतेक पझलांत एखाद-दुसरं नकारार्थी वाक्य असतं आणि ते कुठेतरी मध्ये असतं. पहिल्या वाचनात त्याचा काही उपयोग दिसत नाही म्हणून ते सुटतं, आणि शेवटी तीन आकृत्या घेऊन विद्यार्थी म्हणतो की माहिती अपुरी आहे. माहिती अपुरी नसते. अशा वेळी पझल पुन्हा पहिल्यापासून सोडवायचं नाही, फक्त 'नाही' शोधायचं. ज्याला हे माहीत आहे त्याची दोन मिनिटं तिथे वाचतात, आणि हे कळतं ते निवांत सोडवतानाच.

बिनघड्याळी टप्पा म्हणजे चहा घेत, गप्पा मारत सोडवणं नव्हे. स्टॉपवॉच चालू असतोच, फक्त तो पुढे जाणारा, उलटा मोजणारा नाही, आणि मोबाइल पालथा ठेवलेला. पझल संपलं की वेळ वहीत टिपायची. सोबत तीन गोष्टी लिहायच्या: सुरुवात कोणत्या विधानापासून केली, जास्तीत जास्त किती केस उघड्या होत्या आणि आकृती पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली का. एका पझलला एक ओळ पुरते. दिवसाला दोन किंवा तीन पझलं भरपूर झाली. उत्तर बघण्याआधी अडलेल्या पझलला निदान अर्धा तास द्यावा, असं माझं मत आहे. अडून राहण्याचा कंटाळा येतो, पण विधानं पुन्हा वाचायची सवय लागते ती त्याच कंटाळ्यात.

या जातीच्या कोड्यांचं घराणं जुनं आहे. पाच घरं, पाच देशांची माणसं, प्रत्येकाचं पाळीव जनावर, पेय आणि सिगारेट, आणि झेब्रा कोणाचा हा प्रश्न असलेलं प्रसिद्ध कोडं 'लाइफ इंटरनॅशनल' या नियतकालिकात 1962च्या डिसेंबरात छापलं गेलं. त्याचं उत्तर छापून आलं ते पुढच्या वर्षी मार्चमध्ये. तीन महिने! बँकेच्या परीक्षेतल्या तीन-चार घटकांच्या पझलचा सांगाडा तोच आहे. पहिल्या टप्प्यात ते झेब्र्याचं कोडं एकदा मन लावून सोडवलं, तर तक्त्यात फुल्या आणि बरोबरच्या खुणा करून माहिती कशी उभी राहते हे जितकं स्पष्ट होतं तितकं वीस फुटकळ सेटांतून होत नाही.

या टप्प्यात एकाच जातीची पझलं सलग घ्यावीत. चार दिवस मजल्यांची, चार दिवस सरळ रांगेतली, मग गोल टेबल, मग वार किंवा महिन्यांची. रोज वेगळी जात घेतली की प्रत्येक वेळी आकृतीच नव्याने ठरवावी लागते. गोल टेबलात एक चूक हमखास होते. आत तोंड करून बसलेल्याचा डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतो, बाहेर तोंड केलेल्याचा विरुद्ध. काही जण आत आणि काही बाहेर बघत असतील, तर प्रत्येकाच्या नावापुढे छोटा बाण काढल्याशिवाय डावं-उजवं लावूच नये.

दुसरी नेहमीची चूक वाचनाची आहे. 'दोघांच्या मध्ये दोन मजले' आणि 'दोन मजले वर' यांत एका मजल्याचा फरक आहे. पहिल्यात 3 आणि 6, दुसऱ्यात 3 आणि 5. 'वर' आणि 'लगेच वर' यांतही असंच. पीओचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, क्लार्कचा मराठीतही घेता येतो. ज्या भाषेत परीक्षा द्यायची तिच्यातच सराव करावा, कारण ही बारीक वळणं त्या भाषेतल्या वाक्यातच डोळ्याला लागायला हवीत.

पहिल्या टप्प्यातून बाहेर कधी पडायचं? दिवस मोजून नाही. एका जातीची शेवटची दहा पझलं वहीत बघायची. त्यांतली आठ तरी आकृती दुसऱ्यांदा न काढता बरोबर सुटली असतील, तर त्या जातीला घड्याळ लावायला हरकत नाही. वेळ किती लागली हा निकष अजून नाही. बहुतेकांना मजले आणि सरळ रांग लवकर जमते, गोल टेबल आणि तीन घटकांची पझलं मागे राहतात. तेव्हा एक जात घड्याळावर आणि दुसरी अजून निवांत, असं काही आठवडे चालतं आणि तसंच चालावं.

घड्याळ लावायचं तेही एकदम परीक्षेचं नाही. वहीतल्या शेवटच्या पाच वेळा घ्या. समजा त्या 9, 7, 14, 8 आणि 11 मिनिटं आहेत. चढत्या क्रमाने लावल्या तर मधली वेळ 9. सरासरी घेऊ नका, एखाद्या चौदा मिनिटांच्या पझलने ती फुगते. पहिली मर्यादा 9 मिनिटांचीच ठेवायची, म्हणजे स्वतःचीच नेहमीची वेळ. टायमर वाजला की सोडवणं थांबवायचं नाही, पेनचा रंग बदलायचा. निळ्याने किती झालं आणि लालने किती, हे आकृतीतच दिसतं. लाल रंगात फक्त शेवटचा एखादा माणूस बसत असेल तर मर्यादा योग्य आहे. अर्धी आकृती लाल असेल तर कुठे अडकलो ते तिथेच कळतं. पाचपैकी चार पझलं निळ्यात संपू लागली की मर्यादा एका मिनिटाने खाली आणायची. नऊवरून पाचवर यायला तीन-चार आठवडे लागले तर ते सावकाश नाही.

या टप्प्यात एक फसवा काळ येतो. वेळ भराभर कमी होते, सात, सहा, साडेपाच, आणि मन खूश होतं. पण वहीत 'आकृती पुन्हा काढली' या रकान्यात खुणा वाढलेल्या दिसतात. म्हणजे वेग निर्णयातून आलेला नाही, विधानं अर्धवट वाचून आलाय, आणि कधी नशिबाने बरोबर केस आधी हाती लागली म्हणून. अशा वेळी मर्यादा एक मिनिट वर न्यावी. ज्यांना हे मान्य होत नाही त्यांनी चुकलेली दोन पझलं दुसऱ्या दिवशी घड्याळाशिवाय सोडवून बघावीत. निवांत बरोबर आली तर अडचण घड्याळाची आहे, मर्यादा सैल करून ती जाते. निवांतही चुकली तर त्या जातीचं पझल अजून पहिल्याच टप्प्यात आहे, मग वेळ कितीही दिसो.

पझलमध्ये चुका सुट्या येत नाहीत, झुबक्याने येतात. एका आकृतीवर चार-पाच प्रश्न असतात. आकृती चुकली तर त्यांतले बहुतेक चुकतात आणि प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. म्हणून आकृती पूर्ण झाली की प्रश्नांकडे धावण्याआधी विधानं तिच्यावरून एकदा फिरवायची. पंधरा-वीस सेकंद लागतात. मर्यादेत ही तपासणी धरलेली असावी, तिच्याबाहेर नाही.

एक पझल पाच मिनिटांच्या आसपास येऊ लागलं की तिसरा टप्पा सुरू होतो, आणि इथे सरावाचा विषयच बदलतो. आता सोडवणं शिकायचं नाही, निवडणं शिकायचं. हिशेब करून बघा. 35 प्रश्नांत समजा 20 प्रश्न पझल आणि बैठक व्यवस्थेचे आहेत, चार आकृत्यांचे. उरलेले 15 फुटकळ: असमानता, सिलॉजिझम, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा. फुटकळ प्रश्नांना सरासरी अर्धा मिनिट धरलं तर साडेसात मिनिटं गेली. हातात साडेबारा उरली. चार मिनिटांचं एक याप्रमाणे तीन पझलं बसतात, चौथं बसत नाही. म्हणजे चांगल्या तयारीचा उमेदवारही एक पझल सोडूनच उठतो. कोणतं सोडायचं हे त्याने ठरवलं नाही, तर घड्याळ ठरवतं, आणि ते नेमकं अर्धवट झालेलं पझल ठरवतं.

म्हणून आता सेट घ्यायचा तो तीन पझलांचा, वेळ दोनचीच. सुरुवातीचं एक मिनिट फक्त वाचायचं, पेन खाली. प्रत्येक पझलमध्ये दोन गोष्टी बघायच्या: घटक किती आहेत आणि दीपासारखं, म्हणजे एक किंवा दोनच जागा असलेलं विधान आहे का. माणसं आठ असोत की सात, त्याने फार फरक पडत नाही. पक्कं विधान एकही नाही आणि 'जितके जण याच्या वर तितकेच त्याच्या खाली' अशी वाक्यं बरीच आहेत, ते पझल बाजूला. मग दोन निवडायची आणि सोडवायची. सेट संपल्यावर तिसरंही सोडवून बघायचं, घड्याळाशिवाय. ते सोडलेल्यांपेक्षा सोपं निघालं, तर चूक त्या एका मिनिटातल्या वाचनाची होती. ही नोंद गुणांपेक्षा मोलाची असते, आणि मॉक टेस्टच्या निकालपत्रात ती कुठेच नसते.

सोडून देण्याचाही नियम आधी ठरवून ठेवावा. माझ्या मते दोन मिनिटं झाली आणि अजून तीनहून जास्त केस उघड्या आहेत, तर उठायचं. नियम ऐनवेळी करायचा नाही, कारण ऐनवेळी प्रत्येकाला वाटतं की आता सुटतंच आहे.

पण अर्धवट आकृतीही टाकाऊ नसते. वरच्या पझलकडे परत जा. समजा हर्षदचं विधान नजरेतून सुटलं आणि तीन आकृत्यांवर वेळ संपली. 'दीपा आणि अमोल यांच्यापैकी एक सम मजल्यावर आहे का', या प्रश्नाचं उत्तर तिन्हींत एकच आहे. 'सर्वांत वर कोण' याला दोन आकृत्या चेतन म्हणतात आणि एक भारती. पाच पर्याय असलेल्या प्रश्नात डोळे मिटून उत्तर दिलं तर हिशेबाने फायदा-तोटा शून्य होतो: पाचात एकदा पूर्ण गुण, चारदा पाव-पाव कापला. पण पर्याय दोनवर आले असतील तर उत्तर देणं हिशेबाने फायद्याचंच. तिन्ही आकृत्यांत सारखी असणारी उत्तरं निवडून टिपण्याचा सराव तिसऱ्या टप्प्यात मुद्दाम करावा. एखादं पझल शेवटचं विधान झाकून सोडवायचं आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरं तरीही देता येतात ते बघायचं.

शेवटच्या टप्प्यात पूर्ण विभाग येतो: 35 प्रश्न, 20 मिनिटं, स्क्रीनवर. स्क्रीन महत्त्वाची आहे. पुस्तकात आपण वापरून झालेल्या विधानावर पेनने खूण करतो, परीक्षेत ते करता येत नाही. पझल मॉनिटरवर आणि आकृती रफ कागदावर, नजर सतत वरखाली. म्हणून विधानं क्रमांकाने कागदावर छोट्या खुणांत उतरवायची आणि वापरलं की तिथे खोडायचं. 'ई लगेच खाली भा', 'ह नाही 1' एवढंच. त्याला वीसेक सेकंद जातात आणि स्क्रीनकडे परत परत बघण्याचे मिनिट-दीड मिनिट वाचतं. विभागाची वेळ संपली की संगणक स्वतःच पुढच्या विभागात नेतो, मागे येता येत नाही, तेव्हा 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं पझल परत भेटत नाही.

असे पूर्ण विभाग आठवड्यात तीन-चार पुरेत. उरलेल्या दिवशी त्यांतली चुकलेली आणि सोडलेली पझलं निवांत सोडवायची, पहिल्या टप्प्यातल्याच वहीत, त्याच रकान्यांसह. बरेच जण शेवटच्या महिन्यात घड्याळाशिवाय एकही पझल घेत नाहीत, तो वेळ वाया जातोय असं त्यांना वाटतं. मुख्य परीक्षेतली पझलं मात्र पूर्वपरीक्षेपेक्षा बरीच लांब आणि गुंतागुंतीची असतात. अशा एखाद्या पझलला रविवारी तासभर देऊन, शेवटची केस खोडली जाईपर्यंत न उठता सोडवायचं, हे पूर्वपरीक्षेच्या आठवड्यातही चालू ठेवावं.